वेणीला लागलेली कात्री

आर्णीकडच्या एका तांड्यावर भुरीबाई राहायची. तांड्यातल्या बायकांच्या वेण्या घालणं हा तिचा मान. कपाळाच्या दोन्ही बाजूंना बारीक वेण्या, त्यात चांदीच्या घुगऱ्या, म्हणजे लोंबते दागिने, गुंफायचे, आणि एकदा घातली की पंधरा दिवस हलायला नको अशी घट्ट. नव्या नवरीचे केस तिच्याशिवाय कोणी विंचरत नसे. पोरींच्या डोक्यात हात घालताना ती त्यांच्या घरातली भांडणंसुद्धा ऐकून घ्यायची आणि एक शब्द बाहेर जाऊ देत नसे. एवढा गुण असूनही बाई तोंडाने फटकळ, तेव्हा लोक तिला जरा घाबरूनच असत.

केसांच्या बाबतीत तिचा एकच हट्ट होता. शेंड्याचा केस चिरला की कापायचा. तीन महिन्यांत केस दोन बोटं वाढतो, त्यातलं एक बोट कापलं तरी एक बोट पदरात पडतं, हा तिचा हिशेब. न कापला तर चीर वर चढते, केस मधेच तुटतो आणि वाढून वाढलेलं काही दिसतच नाही. पण तांड्यात ऐकणार कोण? नवरा जिवंत असलेल्या बाईच्या केसाला कात्री लागली की कुंकवाला धक्का, असं सगळ्या मानत. भुरीबाई स्वतः विधवा; वेणीला तिचा हात चाले, पण तिची कात्री तर आणखीच अशुभ. म्हणून ती फक्त आपल्या नातीचे, जमनीचे केस कापायची, दार लावून. जमनीचे आईबाप पटकीत गेलेले. घरात या दोघीच.

जमनीचं लग्न कळंबकडच्या तांड्यातल्या पोराशी ठरलं तेव्हा तिचे केस गुडघ्याला टेकत होते. होणाऱ्या सासूने वेणी हातात तोलून पाहिली आणि बजावून सांगितलं, "लगन होतवर केसाले लोखंड लावू नका, बाई. आमच्या घरात थे चालत नाई."

भुरीबाईने मान डोलावली. इथेच तिचं चुकलं, आणि ते तिला शेवटपर्यंत टोचत राहिलं. लग्न दुष्काळामुळे वर्षभर लांबलं. त्या वर्षात कात्री लागली नाही. शेंडे आधी दुभंगले, मग त्यांना काटे फुटले, मग चीर सहा बोटं वर गेली. वेणीचं टोक सुकलेल्या गवताच्या पेंढीसारखं झालं.

"दादी, आता कापलं तं सासूले दिसन," जमनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आर्णीच्या बाजारात एक फिरता तेलवाला बसायचा. चिरलेला केस सांधून देतो म्हणायचा. भुरीबाईने त्याच्यासमोरच एक दुभंगलेला केस तेलात बुडवला. दोन्ही फांद्या चिकटून एक झाल्या. घरी येऊन तिने तोच केस रिठ्याच्या पाण्यात धुतला, आणि तो पुन्हा दोन झाला. तेलात राळ आणि मेण होतं, दुसरं काय असणार! मेलेलं लाकूड खळीने चिकटवता येतं, जिवंत करता येत नाही, आणि केस तर डोक्याबाहेर आला की मेलेलाच. साधं तेल लावलं तर घासणं कमी होतं, नवी चीर उशिरा पडते, पण पडलेली चीर कोणाच्या बापाला भरता येत नाही. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी तिने ते तेल पोरीच्या केसांना लावलं. सासू येऊन पाहून जाईपर्यंत टिकलं की झालं, असा विचार केला. महिनाभर डोकं धुवायचं नाही, असं तेलवाल्याने सांगितलं होतं, तेही पाळलं.

महिन्याभरात राळेत धूळ बसली, काटेरी शेंडे एकमेकांत अडकले, आणि वेणीच्या खालच्या अर्ध्या भागाचा दगडासारखा गोळा झाला. फणी आत जाईना. शेजारणीने पाहिलं आणि ओरडली, "जट आली वो! जमनीले जट आली!"

तांड्याचा भगत हरिसिंग आला. त्याने गोळ्याला हात जोडले. देवीने पोर मागितली, लग्न मोडा, मंगळवारी देवीच्या ठाण्यावर नेऊन सोडा, यापुढे ही भीक मागून देवीची चाकरी करणार. सगळं त्याने शांतपणे सांगितलं. तो लबाड नव्हता, हीच भीती. त्याचा स्वतःच्या बोलण्यावर पुरता विश्वास होता.

"जट मुळातून येते म्हनता ना, भगत?" भुरीबाई म्हणाली. "हे पाहा, मुळाशी केस रेशमासारखा हाये. हे शेंड्यातून चढलं. पाप माह्या हातचं हाये, देवीले कायले मधात घेता?"

"देवी कुठूनबी येते, भुरी."

दोन दिवस ती कोमट तेल चोळत, सुईने एकेक केस सोडवत बसली. चार बोटं सुटली. मंगळवारला एकच दिवस उरला होता. सोमवारी सकाळी, अंगणात, सगळ्यांच्या देखत तिने कात्री काढली आणि गोळ्याच्या वर, कमरेशी, वेणी कापली. बायकांनी तोंडाला पदर लावले.

हरिसिंगचा आवाज चढलासुद्धा नाही. "होळी परवा झाली. येत्या होळीच्या आत ह्या घरात मरन होईन. मंग समजा का देवीची वस्तू चोरली होती, आन् पोर देवीले वापस द्या."

तांड्याचा नायक देवीलाल भला माणूस, पण लोकांचं मन त्याला मोडता येईना. "होळीपरेंत वाट पाहू," तो म्हणाला. "काही नाई झालं तं लगन मी लावून देतो." कळंबच्या सासूलाही त्याने तेवढं थांबायला कबूल केलं.

त्या दिवसापासून भुरीबाईकडे वेणी घालायला कोणी आलं नाही. पाण्यावर गेली की बायका बाजूला सरत. लोक तिच्या घराकडे बघत, ते मरण आलं का म्हणून. मरणार कोण, तर दोघींतली एक, आणि जमनी अठराची. प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. भुरीबाईलाही.

तीन-तीन महिन्यांनी ती जमनीचे शेंडे बोटभर कापत राहिली, आता दार उघडं ठेवून. केस पुन्हा मांडीकडे निघाले, टोकापर्यंत भरदार. पण माघात भुरीबाईची छाती कफाने भरली. आर्णीच्या डॉक्टरने औषध दिलं आणि जमनीला बाजूला घेऊन मान हलवली. होळीला बावीस दिवस होते.

भुरीबाईने खाट उचलायला लावली. "मले पांदनीपलीकडं, बाभळीखाली टाक. घरात नाई."

"दादी, थंडी हाये. मी लोकाइले घाबरत नाई."

"तू नको घाबरू. मी घाबरून राह्यली."

बाभळीखाली ती बावीस दिवस पडली. अन्न नको वाटायचं, तरी रोज अर्धी भाकर दुधात कुस्करून गिळायची, ओकली की पुन्हा मागायची. हरिसिंग रोज सकाळी येऊन दुरून बघून जाई. एकदा तिने त्याला हाक मारली, "बस की, भगत. आज नाई मरत मी." तो बसला नाही.

होळी पेटली तेव्हा ती जमनीच्या खांद्यावर हात टाकून चालत गेली. लोकांनी वाट दिली. देवीलालने सगळ्यांसमोर लग्नाची तारीख सांगितली, वैशाखातली. हरिसिंग विस्तवाकडे बघत राहिला. कोणी हसलं नाही, कोणी भुरीबाईला शाबासकी दिली नाही.

पुढे चार दिवस बाभळीखालच्या खाटेवरूनच तिने जमनीला वेणी घालायला शिकवलं. पाचव्या दिवशी सकाळी तिने भाकर बाजूला सारली.

"आता मले घरात ने," ती म्हणाली.