आराखड्यातून वगळलेला रस्ता

मी बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवते. धंद्याभोवतालची परिस्थिती तपासायचा पेस्टल हा प्रकार मुलांना शिकवताना मला दरवर्षी हसू येतं. राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, कायदेशीर आणि पर्यावरणीय, असे सहा रकाने आखून द्यायचे, की मुलं त्यात सगळं जग कोंबतात. समोसे विकायच्या दुकानाच्या आराखड्यातसुद्धा जागतिक तापमानवाढ येते. मी विचारते, तिच्यामुळे समोसा किती पैशांनी महागला? मग मी सांगते, ज्या गोष्टीनं आपल्या हिशेबातली एकही ओळ बदलत नाही ती कितीही खरी असली तरी आराखड्यात तिचं काम नाही. ती पेपरात वाचावी आणि सोडून द्यावी.

हा माझा नियम. याच नियमानं आमचा केसानं गळा कापला गेला, आणि कापणारा माझा सख्खा मामा होता.

जीएसटी आला त्यानंतरची ती वर्षं. सगळा देश आता एकच बाजार होणार, बुऱ्हाणपूरची केळी दिल्लीत दिमाखात उतरणार, अशा गप्पा चहाच्या टपरीपासून बँकेपर्यंत चालत. माझा धाकटा भाऊ तेव्हा पुण्याला एका कोल्ड स्टोरेजच्या कंपनीत होता. जवळच्या फोपनार गावी आमची केळीची शेती आहे. ती व्यापारी हिरवीच तोडून नेतो, बाहेर पिकवतो आणि पिवळ्या केळीचा भाव स्वतः घेतो. भावाच्या मनात आलं, पिकवणीचं चेंबर इथंच टाकावं. इथिलीनचा वायू सोडून, गारवा सांभाळून केळी पिकवण्याचं हे काम तो नोकरीत रोज करतच होता. आपली पिकवू, गावकऱ्यांची मजुरीवर पिकवू, म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला घरी यायचं होतं. पुण्याला तो खुश नव्हता आणि इथं आई एकटी होती. चेंबर चाललं तर तो कायमचा येणार, नाही चाललं तर नाही, एवढं साधं होतं ते.

जागा मामानं देऊ केली. मामा म्हणजे आईचा एकुलता एक भाऊ, जमिनीच्या कचेरीतून रिटायर झालेला, शहरातल्या बुधवारा भागात राहणारा. वडील गेल्यावर माझी कॉलेजची फी त्यानंच भरली होती. शहरातल्याच लालबागला त्याचा एक मोकळा प्लॉट होता. कर्जाच्या मुदतीहून लांब भाडेपट्टा असल्याशिवाय बँक दारात उभं करत नाही, म्हणून वीस वर्षांचा करार ठरला. मध्येच सोडता येणार नाही, हेही त्यात आलं. घरातलाच माणूस, त्यात विचार काय करायचा?

आराखडा मी लिहिला. छाननीला आम्ही तिघं मामाच्या बैठकीत बसायचो. मी, सुट्टी काढून आलेला भाऊ, आणि मामा. मी एकेक मुद्दा वाचायची आणि मामा पायावर पाय टाकून विचारायचा, "कोनता आकडा हालते, बेटा?"

माझा नियम त्यानं माझ्यापेक्षा चांगला पचवला होता. तरुणांची आरोग्याकडे वाढती ओढ? "पोट्टे काय ओढीनं केळं खातेत का? भूक लागली का खातेत. काट." इंटरनेटचा प्रसार? "केळं मोबाइलमध्ये पिकते का? काट." स्थिर सरकार? त्यावर तो इतका हसला की मामीनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. असं करत माझ्या दोन पानांचं अर्धं पान झालं. मला त्याचा अभिमान वाटत होता. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला हे इतकं झटकन कळलं नव्हतं.

जे उरलं ते पक्कं होतं. विजेचा दर, कारण चेंबर म्हणजे शेवटी वीजच. आमच्याकडचा मे महिना, कारण शेतातून तापून आलेला घड गार करायला कॉम्प्रेसर दुप्पट धापा टाकतो, तेव्हा उन्हाळ्याचं वीजबिल वेगळं काढलं. फळं झटपट पिकवणाऱ्या कार्बाइडच्या पुडीवरची बंदी, कारण तपासणी कडक झाली की कार्बाइडवाले व्यापारी चेंबरकडे येणार आणि पिकवणीचा माल वाढणार. केळीवर येणारा व्हायरस, कारण ज्या वर्षी तो येतो त्या वर्षी चेंबर अर्धं रिकामं राहतं. आणि जीएसटी. ताज्या केळीवर कर नाही, पिकवणीच्या मजुरीवरही नाही. ऐकायला गोड. पण विक्रीवर कर नसला की यंत्रावर भरलेला कर परत मिळत नाही, तो सगळा खर्चात धरावा लागतो. हे भावाला माहीत नव्हतं. मी धरला आणि यंत्राची किंमत चांगलीच वर गेली.

शेवटी भावानं बायपासचं काढलं. शहराबाहेरून मोठा रस्ता होणार असं त्यानं टपरीवर ऐकलं होतं. मी तो लगेच कागदावर घेतला, कारण इथं आकडा हलताना दिसत होता. दिल्लीकडच्या गाड्या लालबागवरून जातात म्हणून तर तिथला प्लॉट सोयीचा. बायपास झाला की गाड्या बाहेरच थांबणार, आणि शहरात जड वाहनांना दिवसा बंदी येणार, हे कुठल्याही गावात होतं. मग आमची पिकलेली केळी छोट्या गाडीत भरा, बाहेर न्या, परत मोठ्या गाडीत चढवा. पिकलेलं केळं दोनदा हाताळलं की काळं पडतं. भाडं वाढणार, नासाडी वाढणार. मी कच्चा हिशेब केला तर लालबागच्या जागेत कर्जाचा हप्ता निघत नव्हता. तेच चेंबर फोपनारच्या वाटेला आमच्याच शेतात टाकलं, जिथं मोठी गाडी थेट दारात येते, तर निघत होता.

मामानं कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "हे कायले ठेवून राहिली तू? रस्ता कुठून जाईन हे कोनाले मालूम आहे? मी कचेरीत इचारलं. फाइल धूळ खाऊन राहिली. लालबागच्या अंगानंबी जाईन, कोनी सांगावं. जे ठरलंच नाही त्याले आकडा कसा लावते? तुझाच नियम ना, बेटा?"

मी म्हटलं, "मामा, ठरलं नाही म्हणून सोडायचं असं नसतं. आकडा हलवणारी गोष्ट अनिश्चित असली तर दोन हिशेब करायचे, रस्ता झाला तर आणि नाही झाला तर. व्हायरसचं आपण तसंच केलं ना?"

"व्हायरस येतेच. पन हे पाहून बँकवाला म्हनन, या बाईले सोताच भरोसा नाही. मंग पोरगा पुन्यालेच राहीन." आणि भावाकडे वळून तो म्हणाला, "मी जमिनीच्या कचेरीत जिंदगी काढली. असं काही असतं तर मी तुमाले सांगितलं नसतं का?"

या शेवटच्या वाक्यापुढे माझं शिक्षण संपलं. ज्या माणसानं माझी फी भरली त्याला मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते की नसतं सांगितलं? रस्त्याची ओळ काढली. करार झाला, कर्ज मंजूर झालं, भावानं नोकरी सोडली. लालबागला पाया भरला तेव्हा नारळ मामाच्याच हातून फोडवला.

चेंबरच्या भिंती उभ्या राहत असताना मी एका दाखल्यासाठी मामाच्या जुन्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं मामाचं नाव ऐकून मला खुर्ची दिली आणि सहज बोलून गेला, "लालबागले बांधून राहिले का तुम्ही? बायपास तर शहराच्या पार तिकडच्या बाजूनं आहे. मामासाहेबांले तर मालूम आहे. मागच्या दिवाळीच्या आधीच नकाशा पाहून गेले ते. मीच टेबलावर पसरून दाखवला."

आम्ही बैठकीत बसायला लागलो ते दिवाळीनंतर.

मी तशीच बुधवाऱ्यात गेले. मामा जेवून सुपारी कातरत बसला होता. मी विचारलं, नकाशा पाहिला होता का? तो नाही म्हणाला असता तर कदाचित मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "पाहिला होता."

"मग आम्हाला काटायला का लावलं?"

"त्या प्लॉटले आता कोन घेते? गाड्या गेल्या का लालबागच्या त्या बाजूले कुत्रं विचारनार नाही. माह्या म्हातारपनाचं काय? तुमी जवान आहात, पोरगा हुशार आहे, काढून घेईन मार्ग."

मी म्हटलं, ठीक आहे, मग भाडं कमी करा. मी पुन्हा हिशेब केला होता. रस्ता धरून इतर सगळं जसंच्या तसं ठेवलं तर आपल्या हातातली एकच ओळ उरत होती, ती मामाच्या भाड्याची. ते निम्मं झालं असतं तर भाऊ कसाबसा तगला असता. मामानं अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाला, "ठरलं ते ठरलं, बेटा. बँकेले तूच लिहून दिलं ना का भाडं परवडते?"

इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि वर शेताच्याच सहीचा कागद दाखवला.

पुढचं आराखड्यात जसं मी खोडलं होतं तसंच घडलं. रस्ता झाला, दिवसाची बंदी आली, केळी दोनदा चढू उतरू लागली आणि काळी पडू लागली. भावानं रात्रंदिवस एक केलं. गावकरी आधी आले, मग हळूहळू बाहेरच्या बाजूला नवीन झालेल्या चेंबरकडे वळले. शेवटी त्यानं यंत्रं विकून बँकेचं बरंचसं भागवलं आणि पुण्याला पुन्हा नोकरी धरली. उरलेला हप्ता आणि मामाचं भाडं तिकडच्या पगारातून येतं. प्लॉटवर रिकाम्या भिंती आहेत.

भाऊ निघाला त्याच्या आदल्या रात्री मी आईकडेच राहिले होते; सकाळी ती दारात बसून रडत होती. आतापर्यंत मी तिला मामाचं काहीच सांगितलं नव्हतं. भावानं शपथ घातली होती, आईला एकच भाऊ आहे म्हणून. त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. नकाशा, दिवाळी, बाबू, सगळं सांगितलं.

तिनं डोळे पुसले. आश्चर्य वगैरे काही नव्हतं तिच्या चेहऱ्यावर.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "तो बोलला होता मले, पोरांले सांगू नको म्हने. मले वाटलं पोरगा घरी तर येईन."

मग ती पुन्हा रडू लागली, माझ्या भावाचं नाव घेऊन, पहिल्यासारखीच. तिला जवळ घ्यावं असं वाटत होतं. मी घेतलं नाही. मी आत जाऊन कॉलेजची साडी नेसले.