आत्माराम मयेकरांचा होकार

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळी गोठवून परदेशी पाठवणारा कारखाना आहे. तेजस्वी तिथे भरतीचं काम बघते. लग्नाआधी लागली, दोन मुलं झाली तरी तिथेच टिकली. फारशी बोलकी नाही. पण कुणाला पाठवलेलं पत्र ती सहसा विसरत नाही.

त्या सोमवारी तिने आत्माराम मयेकरांना ऑफरचा मेल पाठवला. मांडवीचा माणूस, बरीच वर्षं बोटीवर रेफ्रिजरेशनचं काम केलेला. आता घराजवळ नोकरी हवी होती. मेलमध्ये सगळं होतं: पद शीतगृह देखभाल पर्यवेक्षक, पगार महिना अडतीस हजार, पीएफ वगैरे त्यातूनच कापला जाणार, रुजू व्हायचं दोन जूनला. कागदपत्रं म्हणून आधार, पॅन, आयटीआयचं प्रमाणपत्र, बँकेचा तपशील आणि आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर. होकार शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवावा, नाहीतर ऑफर रद्द समजावी.

शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर नाही. मॅनेजर रितेश म्हणाला, "पाचनंतर दुसऱ्या उमेदवाराला मेल टाक."

तेजस्वीने आधी फोन लावला.

"मॅडम, मेल बघितला," आत्माराम म्हणाले. "पण ते रिलीव्हिंग लेटर माझ्याकडे नाय हो. बोटीवर कॉन्ट्रॅक्ट संपलं की माणूस उतरतो, बस. म्हटलं, आपलं काय जमायचं नाय. मग उत्तर काय देणार?"

"मग उतरल्याची नोंद कुठे असते?"

"सीडीसीमध्ये, म्हणजे आमच्या खलाशाच्या पुस्तिकेत. बोटीवर कधी चढलो, कधी उतरलो, शिक्क्यासकट."

तिने फोन चालू ठेवूनच रितेशला विचारलं. तो जरा कुरकुरला, "आपल्या यादीत ते नाही."

"यादी कारखान्यातल्या माणसांसाठी केलीय, सर. आपल्याला हवंय काय, तर माणूस आधीच्या नोकरीतून मोकळा झालाय याचा पुरावा. तो त्या पुस्तिकेत आहे."

रितेशने घड्याळ बघितलं. "लेखी दे. पण मुदत वाढणार नाही."

तेजस्वीने लगेच सुधारित मेल पाठवला. रिलीव्हिंग लेटरऐवजी सीडीसीमधल्या शेवटच्या नोंदीची प्रत चालेल, बाकी अटी त्याच. पाच वाजायच्या आत उत्तर आलं: 'मला ऑफर मान्य आहे. २ जूनला हजर होतो.' खाली नाव, आणि नावाखाली पुन्हा एकदा 'मान्य आहे'.

दोन जूनला आत्माराम इस्त्रीचा शर्ट घालून आले. तेजस्वीने मूळ कागद तपासून परत दिले, प्रती फाइलला लावल्या.

"फोन केला नसतात तर मी परत बोटीवरच गेलो असतो," ते म्हणाले. "बायकोने बॅग भरायला काढली होती."

 तेजस्वीने सुरक्षा बूट कुठे मिळतात ते सांगितलं आणि त्यांना कॉम्प्रेसर रूमकडे पाठवून दिलं.