गाळलेल्या जागांचा पुठ्ठा

औषधाच्या दुकानावर, जिन्याने चढून गेलं की उजव्या हाताला जो वर्ग लागतो, तिथे आठवड्यातून तीन संध्याकाळी कोरियन भाषा शिकवली जाते. शिकवणाऱ्या बाई बावन्न वर्षांच्या. पूर्वी त्या एका कोरियन कारखान्याच्या गोदामात कारकून होत्या. चौदा वर्षं साहेबांची पत्रं टंकता टंकता भाषा पोटात गेली. कारखाना एके दिवशी कुलूप लावून मोकळा झाला आणि बाईंच्या हाती ही एवढी भाषाच उरली. वर्गाचे मालक, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, त्यांनी बाईंना नवशिक्यांची तुकडी दिली. वरच्या तुकडीसाठी पदवी लागते म्हणे.

नवशिक्यांचं घोडं कुठे अडतं ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. कोरियनमध्ये नामाला शेपूट लागतं. ज्याच्याविषयी बोलायचं त्याला एक जोडी, उन किंवा नुन. जो करतो किंवा जे असतं त्याला दुसरी, इ किंवा गा. ज्यावर क्रिया होते त्याला तिसरी, उल किंवा रुल. ‘नुन’ म्हणजे आपलं ‘माझं म्हणाल तर’ मधलं ‘तर’, असं बाई सांगत, तेव्हा मुलांच्या डोक्यात जरा उजेड पडे. पण नवशिक्याला एवढं तत्त्वज्ञान पचत नाही. म्हणून बाई सुरुवातीच्या कागदांवर प्रत्येक गाळलेल्या जागेशेजारी जोडी छापूनच देत. मुलांनी फक्त नामाचं शेवटचं अक्षर बघायचं. व्यंजनावर संपलं तर उन, इ, उल. स्वरावर संपलं तर नुन, गा, रुल.

“मागचं अक्षर बघा, पुढे बघू नका. अर्थाच्या मागे लागलात तर वेळ संपेल,” असं त्या पहिल्याच दिवशी बजावत.

युक्ती नामी होती. मुलं धडाधड दहापैकी दहा आणत. सर त्या गुणांचे तक्ते जिन्यात चिकटवत आणि खालच्या औषधवाल्यालाही ऐकवत. बाईंची नोकरी त्या तक्त्यांवर टिकून होती.

आता वाक्यं आणायची कुठून? दर आठवड्याला तीन कागद, प्रत्येकावर दहा वाक्यं. पुस्तकातली सफरचंदं आणि पेन्सिली महिन्याभरात संपली. मग बाई हाताशी होतं तेच लिहू लागल्या, आणि हाताशी होतं ते त्यांचं घर. दोन खोल्या, दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यात आई होती, आता नाही. ‘उइजा-गा तु गे इस्सोयो’, खुर्च्या दोन आहेत. ‘चो-नुन होन्जा बाब-उल मोगोयो’, मी एकटी जेवते. ‘चॉन्ह्वा-गा आन वायो’, फोन येत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यं अगदी सोज्वळ. कुणी बोट ठेवायला जागा नाही.

पहिल्यांदा ‘मी एकटी जेवते’ लिहिलं तेव्हा बाईंना एकच भीती होती. कुणी मान वर करून बघितलं तर काय सांगायचं? पण पंधराच्या पंधरा माना खाली. ‘बाब’ व्यंजनावर संपतो, लावा उल, चला पुढे. बाईंना हायसं वाटलं. मग हळूहळू हायसं वाटणं थांबलं. आपण चौकात उभं राहून घरचं सांगतोय आणि माणसं शेजारून भाजी घेऊन जातायत, असं त्यांना वाटायला लागलं. तरी लिहिणं सुटलं नाही. उलट त्या जास्तच लिहू लागल्या. कुणीतरी एकाने, एकदा तरी, वाक्य शेवटपर्यंत वाचावं, एवढी त्यांची इच्छा होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती, आणि सांगून वाचायला लावलं तर त्यात राम काय?

तपासायला त्यांनी एक पुठ्ठा केला होता. कागदाच्याच मापाचा, त्यात गाळलेल्या जागा येतात तिथे ब्लेडने खिडक्या कापलेल्या, आणि खिडकीच्या कडेला बरोबर उत्तर लिहिलेलं. प्रत्येक कागदावर जागा त्याच ठिकाणी येतील अशी मांडणी त्या करत, म्हणजे एकच पुठ्ठा सगळ्यांना पुरे, फक्त उत्तरांची पट्टी बदलायची. पुठ्ठा ठेवला की दहा अक्षरं तेवढी दिसत, बाकी कागद झाकलेला. पंधरा कागद वीस मिनिटांत हातावेगळे होत. पुढच्या तासाला मुलांनी गुण बघितले की बाई कागद परत गोळा करून कपाटात ठेवत.

त्र्याहत्तराव्या कागदावर बाईंनी पहिलं वाक्य लिहिलं, ‘ओनुल-उन चे सेंगिल-इएयो’. आज माझा वाढदिवस आहे. ‘ओनुल’च्या पुढची जागा गाळलेली. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती. कागद वाटले, खिडकीपाशी उभ्या राहिल्या. पंधरा मिनिटं गेली. मुलांनी कागद आणून दिले, एकाने खडू संपल्याचं सांगितलं, एकाने पुढच्या सुट्टीचं विचारलं, आणि सगळे जिना उतरून गेले. बाईंनी तिथेच बसून पुठ्ठा ठेवत तपासलं. पंधराही जणांनी उन लिहिलं होतं. पंधरा बरोबरच्या खुणा केल्या. त्या संध्याकाळी बाई घरी जाऊन पंख्याखाली बसल्या आणि रडल्या. नंतर स्वतःवरच चिडल्या, की या वयात हे काय नाटक.

त्या पंधरांत एक नर्स होती. चाळिशीची, इस्पितळातली पाळी संपवून तशीच येणारी, चपलांचा आवाज न करणारी. तिला परदेशात वृद्धांची शुश्रूषा करायच्या कामावर जायचं होतं, आणि तिथले लोक पहिल्या पातळीचा दाखला मागत होते. बाकीची मुलं पाच मिनिटांत कागद संपवत. ही पंधरा मिनिटं लिहीत बसे आणि तरी शेवटच्या पाच-सहा जागा कोऱ्या. चार गुण, पाच गुण, पुन्हा चार.

“तुम्ही फार विचार करता. मागचं अक्षर बघा की,” बाई तिला म्हणत.

“बघते बाई,” नर्स म्हणे आणि काहीतरी बोलायचं असल्यासारखी क्षणभर उभी राहून जाई.

नियम सरांचा होता, निम्म्याच्या खाली सरासरी आली तर दाखला नाही. तुकडीच्या शेवटी बाईंनी यादी केली. चौदा नावांपुढे ‘उत्तीर्ण’ आणि एकापुढे रेघ. नर्सने यादी वाचली, मान हलवली आणि गेली. पुढच्या तुकडीत तिने नाव घातलं नाही. बाईंना वाटलं, जमलं नाही बिचारीला. कित्येकांना भाषा येतच नाही.

सात महिन्यांनी सरांनी छापील पुस्तिका आणल्या. रंगीत, चित्रांसकट, मागे उत्तरं. “बाई, आता तुमची ती घरगुती वाक्यं बंद. जुने कागद रद्दीत द्या, कपाट मोकळं हवंय,” सर म्हणाले. बाईंनी काही वाद घातला नाही. नोकरी राहिली होती, तेवढं पुष्कळ.

दुपारची वेळ, वर्ग रिकामा. बाई जमिनीवर बैठक मारून गठ्ठे सोडत होत्या. पाठकोऱ्या बाजूवर लिहिता येईल का, म्हणून एकेक कागद उलटून बघत होत्या. पुठ्ठा कुठेतरी गठ्ठ्यांखाली गेला होता. म्हणूनच एक कागद त्यांना पहिल्यांदा अख्खा दिसला.

‘मी एकटी जेवते’ या वाक्यात नर्सने उल लावलं होतं, आणि त्यापुढे, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरात कोरियन होतं, ‘चोदोयो’. मी पण.

बाईंनी हा शब्द वर्गात शिकवला नव्हता. ‘दो’ हा प्रत्यय दुसऱ्या पातळीवर येतो. नर्सने कुठून तरी शोधून काढला होता, आणि ‘चो’ला तो लागला की ‘नुन’ गळतो हेही बरोबर पाळलं होतं.

बाईंनी तिचे सगळे कागद वेगळे काढले. ‘फोन येत नाही’च्या पुढे ‘वेयो?’, का हो? ‘आई नाही’च्या पुढे तीन ओळी, चुका भरपूर, उल हवा तिथे रुल, पण कळत होतं. माझीही नाही, मागच्या पावसाळ्यात गेली. आणि त्र्याहत्तराव्या कागदावर वाढदिवसाच्या वाक्यापुढे ‘चुखाहेयो’, अभिनंदन, शेजारी छोटं फूल काढलेलं, पाच पाकळ्यांचं. त्या कागदाला बाईंच्याच लाल शाईत चार गुण होते. फूल पुठ्ठ्याच्या खिडकीपासून बोटभर बाजूला होतं.

जागा कोऱ्या का राहत, ते आता समजायला शहाणपण लागत नव्हतं. वेळ समासात गेला होता.

बाईंनी नोंदवहीतून नंबर काढला. पहिल्यांदा चुकीचा लागला. दुसऱ्यांदा नर्सने उचलला. मागे ट्रॉलीचा खडखडाट आणि कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज.

“मी कोरियनच्या बाई बोलतेय.”

“बाई? बोला ना. दोन मिनिटंच आहेत हं, राउंड आहे.”

“तुमचे कागद आज पुन्हा बघितले.”

“आता कशाला बाई? ती तारीख कधीच गेली. दुसऱ्या कुणाला घेतलं त्यांनी.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

“माझी चूक झाली. मी वर पुठ्ठा ठेवून तपासायची. फक्त जागा दिसायच्या. तुम्ही बाजूला लिहिलेलं मी आज वाचलं. आज पहिल्यांदा.”

पलीकडचा खडखडाट बंद झाला. ट्रॉली थांबली होती.

“आज?”

“आज.”

“मला वाटायचं, तुम्ही वाचता,” नर्स म्हणाली. “दर वेळी कागद परत आला की आधी समास बघायची. वाटायचं, एखाद दिवशी काही लिहाल. मग वाटलं, बाईंना आवडत नसेल. आपण कोण, पहिल्या पातळीचे विद्यार्थी. म्हणून पुढे नाव घातलं नाही.”

बाईंनी मांडीवरचा फुलाचा कागद सरळ केला. 

“बाई, हाक मारतायत. ठेवू?”

“ठेवा,” बाई म्हणाल्या.

फोन बंद झाल्यावर त्यांनी तिचे कागद तारखेने लावले. मग पेन्सिल घेऊन त्यांनी ‘फोन येत नाही’च्या कागदावर, ‘का हो?’च्या खाली, उत्तर लिहायला घेतलं. दोन ओळी लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कागद द्यायला त्यांच्याकडे तिचा पत्ता नाही. तरी त्यांनी तिसरी ओळ लिहिली, आणि तिच्यातल्या प्रत्येक नामाचं शेपूट दोनदा तपासलं.