आम्ही उभयता

भोरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये माझे यजमान झोपेतच गेले. पुढं मला एकटीला तिथं राहवेना. करारात एक महिना आधी कळवायची अट होती, म्हणून मी पत्र लिहिलं: पतीच्या निधनामुळे फ्लॅट सोडत आहे, किल्ली देताच डिपॉझिट परत मिळावं. दोन प्रती घेऊन खालच्या मजल्यावर घरमालकांकडे गेले. एका प्रतीवर पोच म्हणून त्यांची सही हवी होती.

त्यांनी पत्र वाचून चष्मा काढून ठेवला. "ताई, हे कारण कशाला लिवलं? आता येणारा माणूस शिरवळच्या कंपनीतला हाय. आधीचे का गेले, म्हणून इचारणार. मयत झालेल्या घरात कोण ऱ्हाईल? मग मला भटजी बोलवून घराची शांत करावी लागंल, आन् तो खर्च तुमच्या डिपॉझिटमधनंच जाईल."

मी म्हटलं, करारात थकलेलं लाइटबिल आणि मोडतोड एवढंच कापायचं लिहिलंय. माणूस गेला ही काही मोडतोड नाही.

"न्हाईच. म्हणून तर म्हणतो, दुसरं लिवा."

भांडायचं त्राण नव्हतं आणि पैशांची गरज होती. त्यांच्याच टेबलावर बसून, ते सांगतील तसं लिहिलं. त्यांनी सही केली. किल्ली दिली त्या दिवशी डिपॉझिट पूर्ण मिळालं.

ती पोच अजून माझ्याकडे आहे. 'आम्ही उभयता गावी राहायला जात आहोत,' असं त्यावर माझ्याच अक्षरात आहे. त्याच फायलीत यजमानांच्या मृत्यूचा दाखला आहे. त्याची तारीख आधीची आहे.