शालीनंतरचा ईमेल

कुंभकोणमला समईच्या दुकानाला शोरूम म्हणायची पद्धत आहे. मी व्हिडिओ करतो; या वेळचे आमचे प्रायोजक अशाच एका शोरूमचे मालक. घराणं तंजावरच्या दरबाराशी जोडलेलं, म्हणजे निदान ते तरी तसं सांगत. तेही घरात मराठी बोलणारे, आपला माणूस म्हणून मी आगाऊ रक्कम मागितली नाही. लेखी करार मात्र केला होता, तो बायकोच्या हट्टानं.

स्वामीमलैच्या कारखान्यात ओतकामाचं चित्रण केलं. चोळपुरमच्या एका मुलीनं संकलन केलं. व्हिडिओ दिला, "फार सुंदर" अशी मंजुरी ईमेलवर आली, बिल गेलं. तीस दिवसांची मुदत उलटली. शोरूममधल्या मोठ्या टीव्हीवर व्हिडिओ रोज चालू होता.

मी चौकशीला गेलो, त्या दिवशी नेमका त्यांचा वर्धापनदिन. मला व्यासपीठावर नेऊन शाल घातली, कलासेवेबद्दल चार शब्द बोलले. हिशेबनीस म्हणाला, "सरांनी तुमचा मान केला की."

घरी आल्यावर मी ईमेल लिहायला बसलो. बायको मागून वाचत होती.

"आपल्या थोर घराण्याची परंपरा... हे कशाला?"

"नम्रपणे सांगतोय."

"नम्रपणे पैसे मागायचेत. लग्नपत्रिका नाही लिहायची."

तिनं परंपरा काढून टाकली. उरलं ते असं: "सोबतच्या बिलाची मुदत संपली आहे. आपली मंजुरी आणि बँकेचा तपशील जोडला आहे. कृपया येत्या शुक्रवारपर्यंत पूर्ण रक्कम जमा करावी. करारानुसार रक्कम मिळेपर्यंत व्हिडिओ वापरण्याचा हक्क आपल्याला नाही. रक्कम न आल्यास शुक्रवारनंतर तो शोरूममधून आणि आपल्या फेसबुक पानावरून काढावा. काही अडचण असल्यास कळवावे. आपला आभारी."

तासाभरात मालकांचा फोन.

"आपल्या माणसांत असं लिहितात का हो? मला कंपनी समजलात?"

"बिल कंपनीच्या नावावर आहे."

"मग तो सत्कार?"

"त्याबद्दल वेगळे आभार मानले होते."

फोन ठेवताना ते म्हणाले, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मला त्यांच्याकडून होती, आणि ती शुक्रवारी दुपारी खात्यात जमा झाली. त्यानंतर लग्नकार्यात भेटले तर ते माझ्याकडे न पाहता माझ्या मागच्या भिंतीकडे पाहतात.

मी लगेच संकलन करणाऱ्या मुलीचे पैसे पाठवले. तिनं कितीदा विचारलं होतं आणि मी दर वेळी "वरून आले की देतो, अम्मा" म्हणालो होतो, अगदी प्रेमानं. मग पुढच्या कामासाठी तिला फोन केला.

"करते, अण्णा. पण अर्धे आधी."

"आपल्यात आता असं?"

वाक्य तोंडातून निघालं आणि आवाज कुणाचा आहे ते मला कळलं. तिला कळायचं कारण नव्हतं.

मी अर्धे पाठवले.