न धुतलेली वाळू

प्रयोगशाळेतल्या बाईंनी तेवीस वर्षं वाळू चाळली. घरी कुणी विचारलं की नोकरीत काय करता, तर सासूबाई परस्पर सांगून टाकत, "सरकार तिला माती चाळायला ठेवतं." बाई ते खोडायच्या भानगडीत पडत नसत. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून आलेल्या असायच्या आणि स्वयंपाक व्हायचा असायचा.

त्या दिवशी नव्या कूपनलिकेची वाळू आली. जुन्या नलिकेपासून वीस पावलांवर नवं भोक पाडलं होतं, कारण जुनी अकरा वर्षं पाण्याबरोबर वाळू ओकत होती. तिने पंप खाल्ले, नळ खाल्ले. बाईंची गल्ली तिच्याच पाण्यावर. रोज सकाळी पिंप उपसलं की तळाशी पिठासारखी वाळू, आणि सासूबाईंचं ठरलेलं वाक्य, "घरीही माती आणलीस का?"

बाईंनी पिशव्या वाळवल्या, चाळण्यांची चळत हलवली, वजनं मांडली. वाळू जाडसर निघाली. त्या हिशेबाने दीड मिलिमीटर फटीची गाळणी आणि तिच्याभोवती तीन ते सहा मिलिमीटरची खडी बसत होती. तशा फटींचे गाळणीचे पाइप जागेवर येऊनही पडले होते. फक्त सही व्हायची होती.

बाईंनी पेन उचललं आणि परत ठेवलं. वाळू फार स्वच्छ होती. चिखलाच्या पाण्याने पाडलेल्या भोकातली वाळू इतकी लख्ख कशी? दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंपाच्या तळाची वाळू डब्यात आणली आणि चाळली. जवळजवळ सगळी पाव मिलिमीटरच्या आसपास. नव्या भोकाच्या एकाही पिशवीत ती नव्हती. वीस पावलांत जमीन बदलते थोडीच?

दुपारी त्या जागेवर गेल्या. भोक पाडणाऱ्या यंत्राचा मिस्त्री टायरवर बसून चहा पीत होता.

"मिस्त्री, नमुने धुता का तुम्ही?"

"म्हणजे काय! तुमच्याकडे चिखल कसा पाठवू ताई? जाळीवर घेऊन नळाखाली चकाचक करून देतो."

"आणि जाळीतून जातं ते?"

"ते चिखलात जातं. गाळ तो."

"तो गाळ माझ्या पिंपात येतो."

मिस्त्री हसला, मग हसायचा थांबला. "जुन्या नलिकेच्या वेळीही असंच धुतलं होतं," तो म्हणाला. "तेव्हा कुणी काही बोललं नाही."

कुणी म्हणजे कोण, ते बाईंना ठाऊक होतं. जुन्या कागदावरही सही त्यांचीच होती. धाकटी लेक तापाने फणफणलेली म्हणून त्या दिवशी त्या घाईत होत्या. वाळू स्वच्छ वाटली होती तेव्हाही. बोलल्या नव्हत्या.

इंजिनिअर साहेब आले. वयाने बाईंच्या भाच्याएवढे. बाईंनी दोन्ही कागद पुढे केले. "साहेब, जुनीवर सही माझीच. नमुने असेच धुतलेले होते. आता मी सही करणार नाही."

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले. "उद्या भोक रुंद करायचंच आहे. तेव्हा परत माल वर येईल. टप्प्याटप्प्याने नमुने घेऊ."

"प्रत्येक टप्प्याला थांबायचं?" मिस्त्री वैतागला. "माझी माणसं काय रिकामी बसलीयत?"

"थांबायचं," बाई म्हणाल्या. "खालचा माल वर येईपर्यंत पुढे जायचं नाही. बादलीत घ्यायचा, स्थिरावू द्यायचा, वरचं गढूळ अलगद ओतायचं. जाळी नाही, नळ नाही."

पंचेचाळीस मीटरपासून चोपन्नपर्यंत बारीक वाळू निघाली. निम्मी पाव मिलिमीटरच्या खाली. साहेबांनी खडीचं माप त्या पाव मिलिमीटरच्या पाचपट धरलं, सव्वा मिलिमीटर. म्हणजे खडी एक ते दोनची, आणि खडी आत येऊ नये म्हणून गाळणीची फट पाऊणची.

"एवढी बारीक फट? पाणी काय थेंबथेंब देणार?" मिस्त्री म्हणाला.

"गाळणी लांब करू," साहेब म्हणाले. "सगळ्यात बारीक थराला जे चालतं, तेच धरायचं. पडलेले पाइप परत पाठवा."

पाइप बदलायला नऊ दिवस गेले. नऊ दिवस गल्लीने बाईंकडे असं पाहिलं, जणू पाणी त्यांनीच अडवून धरलंय. खडी उतरली, मग हवा मारून नलिका धुतली. आधी पाणी तांबूस, वाळूने जड, मग फिकट, मग निव्वळ पाणी. बाईंनी बादली भरून ठेवली, स्थिरावू दिली, ओतली. तळाशी बोट फिरवलं. बोटाला कणभरही काही लागलं नाही.

मिस्त्री म्हणाला, "मानलं ताई."

साहेबांनी नव्या नमुन्यांचा कागद सहीसाठी पुढे केला. "जुन्याचं मी वर लिहून पाठवतोय. नाव तुमचंही येईल."

"येऊ द्या."

"आणि यापुढे प्रत्येक नव्या भोकाचे नमुने तुम्ही स्वतः जागेवर उभं राहून घ्यायचे."

बाईंनी यंत्राच्या चाकाला हात टेकला. गुडघे ठणकत होते.

"बसायला स्टूल तरी द्याल ना?" त्या म्हणाल्या, आणि सही केली.