खालची पिशवी

शहादेव तेलगावचा. निजामाच्या राज्याची शेवटची दोन-तीन वर्षं, तेव्हा शेतकी खात्यात त्याला कामदार म्हणून अठरा वर्षं झाली होती. माती चिमटीत चोळून तो जमीन ओळखायचा. खारवट चोपण जमिनीवर पाऊस पडला की पाणी गढूळ होऊन डबकून राहतं, वाळली की कुदळ उसळते, हे त्यानंच कित्येक शेतकऱ्यांना सांगितलेलं.

त्या साली हैदराबादहून शिकून अजीज आला. वय पंचवीसच्या आत, हुद्दा शहादेवच्या वरचा. चंद्रभागाबाईंच्या एका एकरावर चिरोडी, म्हणजे जिप्सम टाकून चोपण सुधारायचा प्रयोग त्याच्याकडे आला. आजवर चोपण दिसली की लोक शहादेवला हाक मारायचे. आता चंद्रभागाबाई बांधावर त्याच्यासमोर अजीजला विचारायच्या, "साहेब, किती टाकायची?" ते ऐकून शहादेव बांधावरून निघून जायचा.

अजीजनं वरच्या सहा इंचांची आणि खालच्या सहा इंचांची अशा दोन पिशव्या माती हैदराबादला धाडायला सांगितली. शहादेवनं खड्डा घेतला. खालची माती साबणासारखी बुळबुळीत, वरच्यापेक्षा वाईट. त्यानं वरचीच पिशवी धाडली. खालची घरी धान्याच्या कणगीमागं ठेवली.

महिन्यानं निकाल आला, एकाच पिशवीचा. अजीज म्हणाला, "शहादेवराव, खालचीचं काय झालं?"

"वाटंत गहाळ झाली असंल. पर खालची माती चांगली हाय. मी हातानं बगितली."

अजीज म्हणाला, "तुमचा हात मातीतला आहे. तुम्ही म्हणता तर वरच्या सहा इंचांचाच हिशेब करू."

एवढा विश्वास शहादेवला नको होता. त्यानं मान खाली घातली.

अजीजनं पाटीवर मांडून दाखवलं. ही माती क्षार चिकटवून धरते ती पन्नास मापं. त्यात शेकडा बावीस सोडियम. ते शेकडा दहावर आणायचं, म्हणजे शेकडा बारा काढायचं. पन्नासाचे शेकडा बारा, सहा मापं. सहा इंच खोलीच्या एका एकराला दर मापामागं सुमारे पाऊण टन चिरोडी लागते. सहा गुणिले पाऊण, साडेचार टन.

परळी स्टेशनावरून बैलगाड्यांनी चिरोडी आली. पावसाआधी ती पसरून कुळवून मातीत मिसळली, बांध घातले, सोडियम धुऊन जायला चरही खणला. पावसात वरचं पाणी निवळ दिसू लागलं. चंद्रभागाबाई अजीजला म्हणाल्या, "तुमच्यामुळं रान जागं झालं बगा." ते ऐकून शहादेव त्या दिवशी जेवला नाही.

शाळू ज्वारी उगवली, गुडघ्याएवढी झाली आणि पिवळी पडून थांबली. चंद्रभागाबाईंनी शहादेवला बांधावरच अडवलं. "मागल्या सालापेक्षा बरं हाय, पर दाणा भरायचा न्हाई. साहेबाचं चुकलं का?"

हेच ऐकायला तो वर्षभर थांबला होता. पण तोंडातून होकार निघेना.

तेवढ्यात अजीजही रानात आला. त्यानं दोन ताटं मुळासकट उपटली. मुळं सहा इंच सरळ उतरून आडवी वळली होती. त्यानं खोदून खालची माती चोळली. बुळबुळीत. तो म्हणाला, "हिशेब माझा चुकला. दुसऱ्यांदा माती मागवायला हवी होती."

"तुमचा न्हाई," शहादेव म्हणाला. "पिशवी माज्या घरी हाय."

अजीजनं वळून पाहिलं. "का ठेवली?"

"लोक तुमाला इचारायला लागले. मला सोसलं न्हाई."

चंद्रभागाबाई शहादेवला म्हणाल्या, "माजं एक साल गेलं की रे." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून ते त्याला जास्त लागलं.

पिशवी हैदराबादला गेली. निकाल आला, शेकडा तीस सोडियम. या वेळी अजीजनं पाटी त्याच्याच हातात दिली. शहादेवनं अडखळत मांडलं. तिसातून दहा गेले, वीस. पन्नासाचे शेकडा वीस, दहा मापं. दहा गुणिले पाऊण, साडेसात टन. वरचे साडेचार धरून फूटभर खोलीला बारा टन लागणार होते. पहिल्या साली त्याच्या निम्म्याहूनही कमी टाकले होते.

साडेसात टन उन्हाळ्यात टाकले. पुढच्या शाळूला कणसं भरली.

अजीजनं खात्याला अहवाल लिहिला. शहादेवनं तो चोरून वाचला. खालच्या थराचा नमुना उशिरा पोचला, एवढंच त्यात होतं. नाव कुणाचं नव्हतं.

त्याला हलकं वाटायला हवं होतं. पण कागद परत ठेवताना त्याला एवढंच वाटलं, की हे मोठेपणसुद्धा अजीजलाच जमावं. शाळूची रास झाली तेव्हा चंद्रभागाबाईंनी दोघांना नव्या ज्वारीची भाकरी खायला बोलावलं. अजीज गेला. शहादेव निघाला, बांधापर्यंत आला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला.